दहावीनंतरची शाखा: कोणती दारं उघडी राहतात, कोणती मिटतात

बहुतेक घरांत शाखेचा विचार दहावीच्या टक्क्यांपासून सुरू होतो. नव्वद असतील तर विज्ञान, सत्तर असतील तर वाणिज्य, पन्नास-पंचावन्न असतील तर कला आणि त्याखाली आयटीआय, असा एक उतरता जिना आपोआप मांडला जातो. हा जिना खरं तर कट-ऑफचा आहे. कुठल्या कॉलेजात जागा मिळेल एवढंच तो सांगतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत रोज काय करावं लागेल आणि त्यानंतर कुठे जाता येईल, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. एका कागदावर तीन किंवा चार अभ्यासक्रम लिहा, जे बारावी-डिप्लोमानंतर करावेसे वाटू शकतात. "वाटू शकतात" एवढंच पुरे, पक्कं असायची गरज नाही. प्रत्येकासमोर त्या अभ्यासक्रमाची प्रवेशाची अट लिहा: बारावीत कोणते विषय हवेत, कोणती परीक्षा द्यावी लागते. ही अट प्रवेश नियमावलीतून किंवा माहितीपुस्तिकेतून घ्यायची, शेजारच्या ताईकडून नाही. मग मागे येत जायचं. हा कागद भरला की एक गोष्ट लख्ख दिसते: काही दारं सगळ्यांसाठी उघडी आहेत आणि काही दारं एकाच बाजूने उघडतात.

सगळ्यांसाठी उघडी असलेली दारं

आधी ही बघू, कारण यांच्याबद्दल गैरसमज जास्त. पाच वर्षांच्या एलएलबीला शाखेची अट नाही. बीए आणि बीकॉमला नाही. सीएची फाउंडेशन परीक्षा बारावीनंतर कोणत्याही शाखेतून देता येते. एनआयडी आणि निफ्टच्या बी.डिझाइनला कोणतीही शाखा चालते. एमपीएससी आणि यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षांना पदवी लागते, ती कोणत्या विषयाची हे विचारलं जात नाही. एनडीएच्या भूदल विभागालाही कोणत्याही शाखेची बारावी चालते. त्या लेखी परीक्षेत मात्र ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो.

तेव्हा "वकील व्हायचंय म्हणून कला" किंवा "सीए व्हायचंय म्हणून वाणिज्य" ही सक्ती नाही. वाणिज्यवाल्याला सीए फाउंडेशनचं जर्नल आणि लेजर आधीच ओळखीचं असतं, हा त्याचा खरा फायदा. विज्ञानाचा विद्यार्थी तीच परीक्षा देऊ शकतो, पण हिशेब त्याला शून्यापासून शिकावा लागतो.

एकाच बाजूने उघडणारी दारं

इथे खरा निर्णय असतो. विज्ञानातून कला-वाणिज्याकडे बारावीनंतर सहज जाता येतं. कला-वाणिज्यातून अभियांत्रिकी, आर्किटेक्चर, फार्मसी, वैद्यकीय किंवा बीएस्सीकडे सहसा जाता येत नाही, कारण तिथे बारावीचे विषय मागितले जातात. यावरून "मग विज्ञानच घ्या, सगळी दारं उघडी" असा सल्ला मिळतो. त्यात एक चूक आहे. दार उघडं राहण्यासाठी नुसता प्रवेश घेऊन भागत नाही, त्या विषयांत किमान गुण लागतात. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाला खुल्या गटासाठी ठरावीक तीन विषयांत मिळून ४५ टक्के हवेत, राखीव गटासाठी ४०. जेमतेम पास झालेल्या विज्ञानाच्या बारावीने अभियांत्रिकीचं दार उघडत नाही. वर त्याच दोन वर्षांत अर्थशास्त्र किंवा बुककीपिंगमध्ये जे गुण मिळाले असते तेही गेलेले असतात.

विज्ञानाच्या आत आणखी एक फाटा आहे: गणित की जीवशास्त्र. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेतलं तर अभियांत्रिकी, आर्किटेक्चर आणि एनडीएचे नौदल-हवाईदल विभाग उघडे राहतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेतलं तर नीटमार्फत एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस आणि शिवाय बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी ही वाट. बी.फार्म आणि बीएस्सी कृषीला दोन्हींपैकी कोणताही गट चालतो, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानातच नसते. दोन्ही विषय ठेवून चार जड विषय घेणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की एमएचटी-सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी हे गट वेगळे आहेत. नीटच्या १८० प्रश्नांत निम्मे, म्हणजे ९०, जीवशास्त्राचे असतात. "दोन्ही बघू" म्हणणाऱ्याने बारावीच्या दिवाळीपर्यंत एक गट सोडायची तयारी ठेवलेली बरी. नाहीतर दोन्हीकडे तयारी अर्धीच राहते.

द्विलक्षी विषय, म्हणजे बायफोकल, घेतानाही हेच बघा. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचा २०० गुणांचा विषय एक भाषा आणि एक पर्यायी विषय यांच्या जागी येतो आणि तो पर्यायी विषय बहुधा बायॉलॉजी असतो. अभियांत्रिकीला जाणाऱ्याला हा विषय गुणांना बरा पडतो, पण नीटचं दार त्याने मिटतं. ते अगदी कायमचं नव्हे: २०२३ पासून बारावीनंतर बायॉलॉजी अतिरिक्त विषय म्हणून देऊन नीटला बसता येतं. त्यात वेळ मात्र जातो.

वाणिज्यातही एक छोटा फाटा आहे, त्याकडे कुणी नीट बघत नाही: मॅथ्स की एसपी. बुककीपिंग, ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स आणि अर्थशास्त्राच्या जोडीला गणित घ्यायचं की सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, हे बरेच जण "एसपी सोपं" एवढ्यावर ठरवतात. एसपी वाचून करता येतं आणि गुण देतं, हे खरं. पण पुढे अर्थशास्त्राची गणिती पदवी, संख्याशास्त्र किंवा विमागणित यांतलं काही मनात असेल, तर गणित सोडल्यावर दार मिटतं. दिल्ली विद्यापीठाच्या बीए ऑनर्स अर्थशास्त्रासाठी सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. कला शाखेतही गणित विषय म्हणून घेता येतं, पण तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालयं कमी आहेत. ते आधी विचारून मग पसंतीक्रम भरा.

डिप्लोमा आणि आयटीआय: मधूनच बाहेर पडता येणारी वाट

अकरावी-बारावीच्या दोन वर्षांनंतर हातात पात्रता असते, पण काम नसतं. पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांनंतर दोन्ही असतात. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, वेगळी प्रवेश परीक्षा नसते. पदवीच्या थेट द्वितीय वर्षात जाता येतं, म्हणजे अभियंता व्हायला डिप्लोमाची ३ आणि पदवीची ३ मिळून ६ वर्षं. बारावीची २ आणि पदवीची ४ धरली तरी ६च. "डिप्लोमात एक वर्ष जास्त जातं" हे खरं नाही. फरक असा, की पदवीच्या दारात सीईटीऐवजी डिप्लोमाचे गुण मोजले जातात आणि चांगल्या कॉलेजात थेट द्वितीय वर्षाच्या जागा मोजक्या असतात.

इथे नेहमी चुकतं ते असं: "याला पुस्तकात रस नाही, डिप्लोमाला घालू." पहिल्या सत्रातच बेसिक मॅथेमॅटिक्स येतं, लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती सगळं त्यात. दहावीच्या बीजगणिताशी ज्याचं जमत नाही, त्याचा हा विषय मागे राहतो आणि पुढच्या दोन सत्रांचा अभ्यासही तो मागे ओढतो. गणित टाळायचं असेल तर डिप्लोमा ही चुकीची जागा आहे.

हाताने काम करण्याची ज्याला खरी आवड आहे, त्याच्यासाठी आयटीआय. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समन (सिव्हिल) हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर आणि कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड, एका वर्षाचे. फिटरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत यंत्राला हातसुद्धा लागत नाही. पोलादाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने घासत राहायचं आणि ट्राय स्क्वेअर लावून उजेडात बघायचं, फट दिसते का. हे काम कुणाला आवडतं, कुणाला दोन दिवसांत कंटाळा येतो. शक्य असेल तर प्रवेशाआधी आयटीआयची कार्यशाळा बघून या, एक सकाळ पुरते. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिप, करता येते. दोन वर्षांच्या ट्रेडवरून पुढे डिप्लोमाच्या थेट द्वितीय वर्षाची वाटही आहे. त्यामुळे आयटीआयला शेवटचं स्टेशन समजायचं कारण नाही. मात्र ट्रेड बदलणं सोपं नसतं, म्हणून "मिळेल तो ट्रेड" घेऊ नका.

एक कागद भरून बघू

समजा एका मुलीला गणितात ७१, विज्ञानात ७८, इंग्रजीत ६६, सामाजिक शास्त्रांत ८९ आहेत. इमारतींची चित्रं काढायला आवडतात, नकाशात रमते. ती चार नावं लिहिते: आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनिअर, डिझायनर, भूगोलाची प्राध्यापक.

बी.आर्कला बारावीत फिजिक्स आणि गणित हवं, किंवा गणितासह दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा. त्यावर नाटा परीक्षा. अभ्यासक्रम ५ वर्षांचा. सिव्हिलला बारावी विज्ञान गणितासह आणि सीईटी, किंवा डिप्लोमा. बी.डिझाइनला काहीही चालतं, पण चित्रकलेची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. भूगोलाच्या बीएलाही काहीही चालतं, कलेत भूगोल असेल तर पाया तयार होतो.

आता वाटा मांडू. विज्ञान, गणितासह: चारही दारं उघडी. आर्किटेक्ट व्हायला २ आणि ५ मिळून ७ वर्षं, सिव्हिल इंजिनिअर व्हायला ६. किंमत ही, की इंग्रजी ६६ असताना भौतिकशास्त्र इंग्रजीतून आणि दोन वर्षं सीईटी-नाटाचा ताण. सिव्हिल डिप्लोमा: आर्किटेक्चरला ८ वर्षं, सिव्हिल पदवीला ६, आणि तिसऱ्या वर्षानंतर साइटवर काम मिळण्याइतकं ज्ञान हातात. भूगोल आणि डिझाइन मात्र दूर जातात. अशक्य नाहीत, पण डिप्लोमाधारकाला बीएला घेतात का हे त्या-त्या विद्यापीठाचा नियम वाचूनच कळेल. आयटीआय ड्राफ्ट्समन: २ वर्षांत नकाशा काढणं हातात येतं, तिथून डिप्लोमाचं थेट द्वितीय वर्ष २, मग पदवीचं थेट द्वितीय वर्ष ३, सिव्हिल इंजिनिअर व्हायला एकूण ७. पैसे लवकर सुरू होतात, वाट लांब. कला शाखा: डिझाइन आणि भूगोल दोन्ही उघडी, ८९ गुणांच्या विषयात चमकायची संधी, आर्किटेक्चर आणि सिव्हिल मिटलेली. वाणिज्य: डिझाइन उघडं, भूगोलाची बीए नियमाने उघडी पण पाया नाही. या चारांशी वाणिज्य तसं जुळत नाही, म्हणून ते या मुलीच्या कागदावर मागे पडतं. दुसऱ्या मुलाच्या कागदावर तेच पहिलं येईल.

मग तिने काय घ्यावं? चौघांपैकी तिला पहिलं कोणतं वाटतं, यावर. आर्किटेक्चर पहिलं असेल तर विज्ञान किंवा डिप्लोमा. डिझाइन पहिलं असेल तर विज्ञानाचा ताण विनाकारण, कलेत चित्रांना वेळ मिळतो. दोन्ही समान वाटत असतील तर विज्ञान ठेवायचं, पण पुढची चाचणी केल्यावरच.

पुस्तक उघडून चाचणी

अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या `ebalbharati.in` वर मोफत पीडीएफ मिळतात. निकाल लागण्याआधीच्या सुट्टीत, तीन दिवस, रोज साधारण दोन तास. पहिल्या दिवशी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण, मॅथेमॅटिकल मेथड्स. त्यात सदिश आहेत, अकरावीचं भौतिकशास्त्र बरंचसं त्यांवरच चालतं. सोडवलेली उदाहरणं वाचायची, पुस्तक मिटायचं आणि तीच उदाहरणं पुन्हा स्वतः सोडवायची. दुसऱ्या दिवशी बुककीपिंगच्या जर्नलच्या प्रकरणातल्या दहा नोंदी: कोणतं खातं डेबिट, कोणतं क्रेडिट आणि का. "का" सांगता आलं पाहिजे, पाठ केलेलं नको. तिसऱ्या दिवशी अर्थशास्त्राचं पहिलं आणि तिसरं प्रकरण. तिसऱ्यात विभाजन मूल्यं आहेत, चतुर्थक आणि दशमक काढायचे. कला शाखेत गणित नाही असं समजून येणाऱ्यांना ते इथे भेटतं. भूगोल किंवा राज्यशास्त्र घ्यायचं असेल, तर त्याचं एक प्रकरण वाचून पुस्तक न बघता एक पान लिहून बघा.

बरोबर किती आलं, हे इथे मोजायचंच नाही, सगळंच नवीन आहे. तीन गोष्टी बघा. अडल्यावर तुम्ही पुन्हा त्याच पानावर आलात की फोन उचललात? वेळ किती गेला हे कळलं की सतत घड्याळाकडे बघत होतात? आणि अडलात ते विषयामुळे की भाषेमुळे? मराठी माध्यमातल्या मुलांसाठी हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. अडलेलं उदाहरण कुणाकडून मराठीत समजून घ्या आणि पुन्हा सोडवा. मराठीत सुटलं तर अडचण भाषेची आहे, रोजच्या सवयीने ती सुटते. मराठीतही सुटलं नाही, तर नववी-दहावीचं बीजगणित कच्चं आहे, आणि ते अकरावीत कुणी शिकवत नाही. सुट्टीत ते भरून काढायची तयारी नसेल तर गणित असलेल्या वाटेचा फेरविचार करा.

फॉर्म भरताना

अकरावी, पॉलिटेक्निक आणि आयटीआय यांच्या प्रवेश प्रक्रिया वेगवेगळ्या आहेत आणि जवळपास एकाच वेळी चालतात. मन पक्कं नसेल तर एकाहून जास्त ठिकाणी अर्ज भरून ठेवा. अडचण येते ती मूळ शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. एका ठिकाणी तो जमा केला की दुसरीकडे जायला आधीचा प्रवेश रद्द करून दाखला परत घ्यावा लागतो. प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख दोन्हीकडची लिहून ठेवा.

पसंतीक्रमात पहिल्या ओळीला वेगळं महत्त्व आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. "बघू तर मिळतं का" म्हणून दोन तास प्रवासाचं कॉलेज पहिल्या ओळीत लिहिणारे इथेच अडकतात. पहिली ओळ फक्त त्याच कॉलेजची, जिथे उद्या सकाळी जायची तयारी आहे. त्या कॉलेजात तुमचा विषयगट खरोखर शिकवला जातो का, तेही फोन करून विचारा.

खासगी क्लासशी जोडलेलं "इंटिग्रेटेड" किंवा "टाय-अप" कॉलेज घेताना विचारायचे दोन प्रश्न: प्रयोगशाळेचे तास खरे होतात का आणि क्लास सोडला तर कॉलेजचा प्रवेश टिकतो का? प्रात्यक्षिक न करता आलेला विद्यार्थी बारावीच्या प्रॅक्टिकलला अडतो.

राखीव प्रवर्गातून पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणाऱ्यांचे प्रवेश प्रमाणपत्रापायी अडतात.

चुकलं तर कधी बदलायचं

शाखा बदलायची असेल तर अकरावीचे पहिले काही आठवडे सगळ्यात स्वस्त. विज्ञानातून कला-वाणिज्यात जाणं तेव्हा जागा असेल तर जमतं. उलट दिशेने कठीण, कारण प्रात्यक्षिकं चुकलेली असतात. पहिली घटक चाचणी झाल्यावर एकदा नीट बसा. गुण कमी असणं हे एकटं कारण नाही, अकरावीत जवळपास सगळ्यांचे कमी असतात. कमी गुणांचा पेपर पुन्हा सोडवायला घ्या, घड्याळ न लावता. वेळ दिल्यावर बहुतेक सुटलं तर शाखा बरोबर आहे, वेग कमी आहे. वेळ देऊनही सुटत नाही आणि पुस्तक उघडावंसंही वाटत नाही, तर कॉलेजच्या कार्यालयात जाऊन शाखा बदलाचा अर्ज कधीपर्यंत घेतात ते विचारा. ही तारीख गेली की पुढचा पर्याय वर्ष संपल्यावर, नव्याने अकरावीचा.